ग्राहक तयार आहे हे कसं ओळखावं आणि होकार कसा मागावा

डेमो झाला, समोरच्यांनी प्रश्न विचारले, माना डोलावल्या, आणि शेवटी "कळवतो" म्हणून भेट संपली. विक्रीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत अशा भेटी असतात. त्या पुन्हा आठवून पाहिल्या तर बहुतेक वेळा दोनपैकी एक चूक सापडते. ग्राहक तयार झाल्याचा इशारा मिळाला होता, पण आपण पुढची स्लाइड दाखवत राहिलो. नाहीतर इशारा दिसताक्षणी "मग ऑर्डर करूया का?" म्हणून झडप घातली आणि समोरचा माणूस मागे सरला.

या दोन्ही चुका एकाच ठिकाणाहून येतात. इशारा म्हणजे हिरवा दिवा, असा आपला समज असतो. खरं तर इशारा एवढंच सांगतो की ग्राहक मनातल्या मनात वस्तू वापरून पाहू लागला आहे. तो नेमका कुठपर्यंत पोचलाय हे विचारावं लागतं. तो जिथे पोचलाय त्याच्या एकच पाऊल पुढचं मागितलं, तर मागणं सहज वाटतं. चार पावलं पुढचं मागितलं, की तीच वाक्यं जबरदस्तीची वाटतात.

खालची पद्धत एका ठराविक प्रकारच्या विक्रीसाठी आहे. समोर एक व्यवसाय आहे, निर्णय दोन-तीन माणसं मिळून घेतात, आणि खरेदीनंतर त्यांच्या रोजच्या कामाची रीत बदलते. काउंटरवरच्या छोट्या खरेदीला एवढं काही लागत नाही.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. एका घाऊक वितरकाला बारकोड स्कॅन करून साठ्याची नोंद ठेवणारी प्रणाली विकायची आहे. त्यांची दोन गोदामं आहेत आणि साठा सध्या एक्सेलमध्ये लिहिला जातो. भेटीला तिघं आहेत: मालकीणबाई, गोदामप्रमुख आणि हिशेब पाहणारे लेखापाल. वेळ एक तास.

टप्पा १. भेटीआधी तीन गोष्टी कागदावर लिहा

पहिली गोष्ट: कोण येणार आणि कोणाचं काय बदलणार. सही मालकीणबाईंची असेल, पण रोज स्कॅनर हातात धरणारी माणसं गोदामप्रमुखांची आहेत. त्यांनी "हे आमच्याकडे चालणार नाही" एवढं म्हटलं तरी सही लांबते. लेखापालांना जुन्या नोंदींची चिंता असणार. प्रत्येकाच्या नावापुढे त्याला पडेल असा एक प्रश्न लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट: या भेटीतून काय मिळालं तर ती यशस्वी म्हणायची. इथे दोन ओळी लिहा. एक सर्वांत चांगला निकाल, म्हणजे ऑर्डर. दुसरा पुरेसा निकाल, म्हणजे ग्राहकाने करायचं एखादं काम, तेही तारखेसह. उदाहरणार्थ, "लेखापाल शुक्रवारपर्यंत एका गोदामाच्या मालाची यादी पाठवतील." विक्रीच्या हजारो भेटींचं निरीक्षण करणाऱ्या नील रॅकहॅम या संशोधकाने हाच फरक ठळकपणे मांडला होता. ज्या भेटीनंतर ग्राहक स्वतः काहीतरी करायचं कबूल करतो, तिच्यात विक्री पुढे सरकते. "छान झालं, पुन्हा भेटू" अशी संपणारी भेट फक्त लांबते. मोठ्या खरेदीत ऑर्डरसाठी दबाव टाकायच्या क्लृप्त्या जितक्या वाढतात तितकं यश कमी होतं, हेही त्याच अभ्यासात दिसलं होतं.

तिसरी गोष्ट: ग्राहकाची स्वतःची एखादी तारीख. मोसम, वर्षअखेरची मोजणी, नवं गोदाम सुरू होणं, जुना करार संपणं. फोनवर भेट ठरवतानाच विचारून घ्या: "हे आत्ताच बघावंसं वाटण्याचं काही खास कारण आहे का?" शेवटी होकार मागताना या उत्तराचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही.

तपासा: दुसऱ्या मुद्द्यात "ग्राहकाला माहिती देणे" असं काही लिहिलं असेल तर खोडा. ते तुमचं काम झालं. तिथे ग्राहकाचं काम हवं.

टप्पा २. खरा इशारा आणि नुसता शिष्टाचार वेगळे करा

इशारे ओळखण्याच्या याद्या बऱ्याच फिरतात: ग्राहक पुढे झुकला, हनुवटीवर हात ठेवला, ब्रोशर पुन्हा उचललं. देहबोलीवर फार विसंबू नका. माणूस पुढे झुकतो कारण त्याला स्क्रीन दिसत नसते. शब्द जास्त विश्वासाचे असतात, आणि शब्दांसाठी एक साधी कसोटी पुरते: बोलणारा तुमच्या वस्तूबद्दल बोलतोय, की वस्तू आल्यानंतरच्या स्वतःच्या दिवसाबद्दल?

"यात किती वस्तूंची नोंद बसते?" हा वस्तूबद्दलचा प्रश्न आहे. कुतूहल असलेला कोणीही तो विचारेल. "मोजणी चालू असताना आमचा माल बाहेर जायचा थांबणार का?" हा प्रश्न विचारणारे गोदामप्रमुख मनाने गोदामात उभे आहेत. स्कॅनर त्यांच्या माणसाच्या हातात आहे आणि दारात गाडी थांबलेली आहे. हा खरा इशारा.

अशा इशाऱ्यांचे काही प्रकार पुन्हा पुन्हा भेटतात. आधी "समजा घेतलं तर" असं चाललेलं बोलणं "सुरू केल्यावर" वर येतं. ग्राहक आपसात कामं वाटायला लागतात: "जुना डेटा तुम्ही भराल की आमच्याकडचं कोणी?" ते एखाद्या न आलेल्या माणसाला मध्ये आणतात: "हे एकदा आमच्या रात्रपाळीच्या सुपरवायझरला दाखवायला हवं." किंमत ऐकून झाल्यावर ते पैसे कसे द्यायचे, हप्ते किती, बंद करायचं झालं तर काय, असं विचारतात. आणि कधी कधी ते तुमच्याशी बोलणं सोडून एकमेकांशी बोलू लागतात. हा शेवटचा प्रकार सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमक्या त्याच वेळी विक्रेता मध्ये तोंड घालून तो मोडतो. ते आपसात बोलत असतील तर गप्प बसा.

नेमकी हरकतसुद्धा इशारा असते. "आमच्या मागच्या गोदामात नेटवर्क जेमतेम येतं, तिथे हे बंद पडेल" असं म्हणणाऱ्याने वस्तू आपल्या जागेत ठेवून पाहिली आहे. "बघू, सध्या जरा घाई आहे" ही मात्र मोघम हरकत. तिच्यात इशारा शोधू नका.

आता फसवे इशारे. कौतुक हा त्यातला पहिला. "खूपच छान केलंय तुम्ही" हे वाक्य बहुतेकदा भेट गोडीत संपवण्यासाठी येतं. दुसरा, "सगळी माहिती मेलवर पाठवून ठेवा." हे खरं की वाटेला लावणं, ते एका प्रश्नात कळतं: "नक्की पाठवतो. त्यात तुम्हाला नेमकं काय पाहायचंय, म्हणजे तेवढंच पाठवतो?" ज्याला खरोखर हवंय तो लगेच सांगतो. तिसरा, अगदी सुरुवातीला विचारलेली किंमत. पहिल्या पाच मिनिटांत "कितीला पडतं?" विचारणारा बहुधा चाळणी लावत असतो. अंदाजे आकडा प्रामाणिकपणे सांगून पुढे जा. तोच माणूस अर्ध्या तासाने किमतीकडे परत आला, तर अर्थ वेगळा असतो.

सावधान: एकच इशारा पुरेसा मानू नका, आणि तो कोणाकडून आला हे पाहा. गोदामप्रमुख खूप उत्साहात असतील आणि मालकीणबाईंनी तासाभरात एकही प्रश्न विचारला नसेल, तर समोरची मंडळी अजून तयार झालेली नाहीत.

टप्पा ३. इशारा दिसला की थांबा, आणि कारण विचारा

उदाहरणातल्या भेटीत पस्तीसाव्या मिनिटाला मालकीणबाई विचारतात, "वर्षअखेरच्या मोजणीच्या आधी हे सुरू होऊ शकतं का?"

सवयीने तोंडात येणारं उत्तर असतं, "हो मॅडम, नक्की होईल!" हे उत्तर दोन प्रकारे नुकसान करतं. एक तर तुम्हाला अजून माहीत नाही की ते होईल का. जुना डेटा किती आहे, दोन्ही गोदामं एकदम सुरू करायची आहेत का, काहीच कळलेलं नाही. दुसरं म्हणजे, त्यांनी दार किलकिलं केलं आणि तुम्ही आत डोकावलातच नाही.

विक्रीच्या जुन्या प्रशिक्षणात शिकवलेलं उत्तर याहून वाईट आहे: "मोजणीच्या आधी करून दिलं तर आज सही कराल का?" साधी माहिती विचारणाऱ्या माणसाला यात अडकवल्यासारखं वाटतं. यापुढे त्या जपून बोलतील आणि उरलेले इशारे तुम्हाला दिसणारच नाहीत.

बरं पडतं ते असं: आधी थोडक्यात आणि खरं उत्तर, मग कारण विचारणारा प्रश्न.

"एक गोदाम होऊ शकतं. दोन्ही एकदम करायची तर आधी यादी बघावी लागेल. मोजणीच्या वेळी काय त्रास होतो तुम्हाला?"

आता त्या सांगतात की मागच्या मोजणीत कागदावरचा साठा आणि प्रत्यक्ष साठा जुळला नाही, चार दिवस गोदाम बंद ठेवावं लागलं, आणि त्या दिवसांत ग्राहकांना माल देता आला नाही. आतापर्यंत तुम्ही प्रणालीची वैशिष्ट्यं सांगत होता. आता खरेदीचं कारण त्यांच्याच तोंडून बाहेर आलं. ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. "चार दिवस गोदाम बंद" हे शब्द पुढे लागतील.

तपासा: राहिलेल्या स्लाइड आता दाखवायच्या का? या कारणाशी थेट संबंध असलेलीच एखादी दाखवा. बाकीच्या सोडून द्या. तयार झालेल्या माणसाला जास्तीचं काही दाखवलं की त्याला जास्तीच्या शंका सुचतात.

टप्पा ४. चाचपणी करा: मत विचारा, निर्णय विचारू नका

होकार मागण्याआधी एक मधली पायरी असते आणि बहुतेकजण तीच गाळतात. या पायरीवर ग्राहकाला काही ठरवायचं नसतं, फक्त वाटतं ते सांगायचं असतं. मत द्यायला काही लागत नाही, म्हणून ते बहुधा खरं येतं.

"आतापर्यंत जे पाहिलं ते तुमच्या गोदामाच्या कामात बसेल असं वाटतं का? कुठे अडेल?"

यातला दुसरा भाग गाळू नका. "बसेल ना?" एवढंच विचारलं तर भिडस्त माणूस "हो" म्हणतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. "कुठे अडेल?" असं विचारलं की नकार द्यायला सन्मानाची वाट मिळते. ज्याच्या मनात खरंच काही अडत नाही, तो तसं सांगतो.

एकाहून जास्त माणसं असतील तर प्रश्न वेगवेगळा विचारा, आणि ज्याचं काम सर्वांत जास्त बदलणार आहे त्याच्यापासून सुरुवात करा. मालक आधी बोलले की बाकीचे त्यांच्या मागे मान डोलावतात. म्हणून आधी गोदामप्रमुख, मग लेखापाल, शेवटी मालकीणबाई.

येणारी उत्तरं साधारण तीन प्रकारची असतात. "बसेल, फक्त मागच्या गोदामातलं नेटवर्क बघावं लागेल" असं नेमकं उत्तर आलं तर पुढच्या टप्प्यावर जा. "ठीक वाटतंय" असं कोमट उत्तर आलं तर होकार मागू नका. "ठीक म्हणजे, काही तरी राहिल्यासारखं वाटतंय का?" असं विचारून मागे या. आणि "आमच्याकडे हे चालणार नाही" असं थेट आलं, तर चांगलंच झालं. ते ऑर्डरच्या प्रश्नाला आलं असतं तर विषयच संपला असता. चाचपणीत आलं म्हणून आता "कशामुळे?" विचारता येतं.

टप्पा ५. उरलेल्या शंका सगळ्यांसमोर कागदावर आणा

"काही शंका?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचं उत्तर जवळपास नेहमी "नाही" येतं, आणि शंका ग्राहक घरी घेऊन जातो. त्याऐवजी विचारा: "सुरू करायच्या आधी आणखी कशाकशाची खात्री व्हायला हवी?" इथे शंका असणं गृहीत धरलेलं आहे, त्यामुळे ती सांगणारा कुरकुऱ्या ठरत नाही.

जे येईल ते सर्वांना दिसेल असं लिहा. आपल्या भेटीत तीन गोष्टी निघतात. मागच्या गोदामात नेटवर्क नसताना स्कॅनर चालेल का, एक्सेलमधल्या जुन्या नोंदी कोण आणि किती दिवसांत भरणार, आणि रात्रपाळीची माणसं हे वापरतील का.

आता प्रत्येक गोष्ट यापैकी एका खणात टाका: आत्ता उत्तर देता येतं, तपासून सांगावं लागेल, किंवा वापरूनच कळेल. स्कॅनर नोंदी साठवून ठेवतो आणि नेटवर्क आलं की पाठवतो, हे तुम्ही आत्ता दाखवू शकता. दाखवताना मोबाइलचं इंटरनेट बंद करून दाखवा, तोंडी सांगू नका. जुन्या नोंदींचा वेळ यादी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, हे स्पष्ट म्हणा. रात्रपाळीचं उत्तर तर कोणाकडेच नाही, तुमच्याकडेही नाही. ते वापरूनच कळेल.

ही वाटणी प्रामाणिकपणे केली की होकाराचा आकार आपोआप ठरतो. तिन्ही शंका पहिल्या खणात गेल्या असत्या तर पूर्ण ऑर्डर मागता आली असती. एक जरी तिसऱ्या खणात असेल, तर पूर्ण ऑर्डर मागणं म्हणजे ग्राहकाला डोळे मिटून उडी मारायला सांगणं. विक्री जबरदस्तीची वाटते ती इथे.

सावधान: शंका लिहिताना तिथल्या तिथे खोडून काढू नका. पहिली सांगताच तुम्ही वाद घातलात, तर दुसरी आणि तिसरी बाहेर येणार नाही. आधी सगळ्या लिहा, "आणखी काही?" विचारा, जरा थांबा, मगच उत्तरं द्या.

टप्पा ६. होकार मागा: आढावा, प्रस्ताव, आणि शांतता

आता मागायची वेळ. इथे लागणारी वाक्यं फार थोडी आहेत, पण त्यांचा क्रम पाळा.

१. आढावा त्यांच्या शब्दांत. "मोजणीसाठी चार दिवस गोदाम बंद ठेवायचं नाही, हे मुख्य. नेटवर्कचं आपण आत्ता पाहिलं. रात्रपाळीला जमेल का आणि जुन्या नोंदी भरायला किती वेळ लागेल, ते कळायचंय. बरोबर का?" त्यांनी "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते काही दुरुस्त करत असतील तर ती दुरुस्ती तुमच्या प्रस्तावापेक्षा महत्त्वाची आहे.

२. प्रस्ताव उरलेल्या शंकांएवढाच. "माझं म्हणणं असं: मागचं एकच गोदाम घेऊ, तीन आठवडे. दोन्ही पाळ्या वापरतील. शेवटी पन्नास वस्तू निवडून हाताने मोजू आणि प्रणालीतल्या आकड्यांशी ताडून पाहू. किती जुळलं तर पुढे जायचं, ते आजच ठरवू. जुळलं तर दुसरं गोदाम, नाही जुळलं तर तिथेच थांबू."

३. साधा प्रश्न. "सोमवारपासून सुरू करूया का?"

४. आणि मग शांतता. प्रश्न विचारल्यावर पहिलं वाक्य ग्राहकाचं असू द्या. ही शांतता दहा सेकंदांची असली तरी विक्रेत्याला फार लांब वाटते, आणि ती सहन न होऊन तो बोलतो: "म्हणजे आत्ताच नाही म्हणत मी," किंवा "किमतीत काही बघता येईल." कोणी न मागितलेली सवलत अशीच जाते, आणि सोबत किमतीवरचा विश्वासही जातो. समोरची माणसं या वेळी मनात तारखा आणि माणसं जुळवत असतात. त्यांना जुळवू द्या.

प्रस्ताव मांडायच्या दोन-तीन रीती सहज वाटतात. वर वापरली ती छोट्या सुरुवातीची, शंका तिसऱ्या खणात असताना. दुसरी, ग्राहकाच्या तारखेपासून मागे मोजत येण्याची: "मोजणी महिनाअखेरीला आहे. त्याआधी तीन आठवडे वापर व्हायला हवा, त्याआधी नोंदी भरायला एक आठवडा. म्हणजे यादी या शुक्रवारी मिळायला हवी. जमेल?" यात घाई आहे, पण ती त्यांच्याच मोजणीतून आलेली आहे. तारीख खरोखर त्यांची असेल तरच ही रीत वापरा. तिसरी रीत सरळ विचारण्याची. शंका उरल्याच नसतील तर "मग ऑर्डरचे कागद करूया का?" यात काहीच वावगं नाही. सरळ विचारायला लाजून आडवळणाने जाणारा विक्रेता ग्राहकाला जास्त संशयास्पद वाटतो.

काही क्लृप्त्या मात्र टाळाच. "सोमवारी सुरू करू की बुधवारी?" हा प्रश्न "सुरू करायचं का" याचं उत्तर मिळण्याआधी विचारला तर तो सापळा ठरतो. होकार आल्यानंतर विचारला तर ती साधी वेळ ठरवणं आहे. "ही किंमत फक्त आजच" हे खोटं असेल तर उद्या ग्राहक त्याच किमतीला मागेल आणि तुम्ही द्याल, तेव्हा ते दोघांनाही कळेल. किंमत खरंच बदलणार असेल तर ते पहिल्या भेटीतच लेखी सांगा, शेवटच्या मिनिटाला काढू नका. आणि ज्यांना "हो"च म्हणावं लागेल असे प्रश्न ओळीने विचारणं, "वेळ वाचायला हवा ना? चुका कमी व्हायला हव्यात ना?", हे तर जाणत्या माणसाला दुसऱ्याच प्रश्नाला उमगतं.

टप्पा ७. उत्तर आल्यानंतर

"हो" आलं की विकणं बंद करा. "फार चांगला निर्णय घेतलात, आणि यात अजून एक सोय आहे" असं म्हणत नवी गोष्ट काढली की ठरलेलं पुन्हा उघडतं. फक्त तीन गोष्टी ठरवा: पहिलं काम कोणाचं, कोणत्या तारखेला, आणि अडलं तर फोन कोणाला करायचा. मग निघा.

"विचार करून सांगतो" आलं तर ते आहे तसं स्वीकारा, पण मोघम ठेवू नका. "जरूर. विचार मुख्यतः कशाचा करायचाय, पैशांचा, वेळेचा, की हे चालेल का याचा?" बहुतेक माणसं यातलं एक निवडतात, आणि टप्पा ५ मध्ये राहून गेलेली शंका तुम्हाला मिळते. तिथे परत जा. कोणालाच निवडता आलं नाही, तर पुढचं बोलणं कधी करायचं ती तारीख घ्या आणि दबाव टाकू नका.

सही करणारी व्यक्ती खोलीतच नसेल तर होकार मागूच नका. समोरच्याला विचारा, "त्यांना हे सांगाल तेव्हा ते पहिलं काय विचारतील?" त्या प्रश्नाचं उत्तर एका पानात लिहून द्या. समोरच्याने तुमची बाजू मांडावी अशी अपेक्षा असेल, तर मांडायला लागेल ते त्याच्या हातात द्यायला हवं.

"नाही" आलं तर कारण एकदाच विचारा, नीट ऐका, उलट बोलू नका. कारण पटण्यासारखं असेल तर तसं सांगा. नकारानंतर वाद घालणाऱ्या विक्रेत्याला परिस्थिती बदलल्यावर कोणी फोन करत नाही.

टप्पा ८. त्याच दिवशी लेखी, आणि मग शांतता आली तर

भेटीच्या दिवशीच एक छोटा संदेश पाठवा. त्यात आभारांचा परिच्छेद, कंपनीची ओळख, ब्रोशर काही नको. एवढं पुरतं:

"आज ठरलं ते: मागचं गोदाम, तीन आठवडे, दोन्ही पाळ्या. शुक्रवारपर्यंत मालाची यादी तुमच्याकडून, रविवारी स्कॅनरची मांडणी आमच्याकडून, सोमवारी सकाळपासून वापर. शेवटी पन्नास वस्तूंची मोजणी, त्यांतल्या अठ्ठेचाळीस जुळल्या तर दुसरं गोदाम. काही राहिलं असेल तर सांगा."

हा संदेश म्हणजे तुमच्या ऐकण्याची परीक्षा आहे. ग्राहकाने "हो, बरोबर" लिहिलं तर होकार पक्का. "थांबा, मी असं म्हटलं नव्हतं" आलं, तर ते सोमवारी स्कॅनर घेऊन दारात उभं असताना कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

शुक्रवार उलटला आणि यादी आली नाही, तर "फॉलोअपसाठी फोन केला" म्हणू नका. त्याने ग्राहकाला काहीच कळत नाही, फक्त अवघडल्यासारखं होतं. अडलं असेल त्या गोष्टीला हात घाला: "यादी एकत्र करायला वेळ लागत असेल तर एक्सेल जशी आहे तशी पाठवा, रकाने आम्ही लावून घेतो." काम सोपं केल्यावर यादी आली, तर अडचण फक्त वेळेची होती.

तरीही उत्तर नसेल तर तारीख त्यांच्यापुढे ठेवा: "आठवडाभर उशिरा सुरू केलं तर मोजणीच्या आधी दोनच आठवडे वापर होईल, आणि मग पन्नास वस्तूंची तपासणी मोजणीच्या गडबडीत येईल. या मोजणीला राहू द्यायचं असेल तर तसं कळवा, आम्ही स्कॅनर दुसरीकडे देतो आणि मोजणीनंतर तुमच्याशी बोलतो." हे फक्त खरं असेल तरच लिहा. स्कॅनर खरंच दुसरीकडे जाणार नसतील तर ते वाक्य काढा. या संदेशाला उत्तर बहुधा येतं, कारण "नाही" म्हणणंही त्यात सोपं केलेलं असतं. "मोजणीनंतर बघू" असं आलं, तर मोजणी संपल्यानंतरच्या आठवड्याची नोंद डायरीत करा, आणि तेव्हा फोन करताना पहिला प्रश्न हा विचारा: "या वेळी गोदाम किती दिवस बंद ठेवावं लागलं?"